दोन गॅस मिसळले, उष्णता शून्य, मग एन्ट्रॉपी वाढली कुठून?

मृण्मयी_रावपुरा

नमस्कार मंडळी, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या थर्मो चालू आहे आणि एका जागी गाडी अडकलीये. आमच्या ग्रुपमध्ये कुणालाच धड सांगता येत नाहीये म्हणून इथे विचारते.

गणित असं आहे. एक बंद डबा, मध्ये पार्टिशन. डावीकडे 1 मोल हायड्रोजन, उजवीकडे 1 मोल आर्गॉन, दोन्ही 298 केल्विनला आणि 1 बारला, म्हणजे प्रत्येकाला साधारण 24.8 लिटर जागा. दोन्ही आयडियल धरायचे. पार्टिशन काढलं, थोड्या वेळाने सगळं मिसळलं. सूत्र लावलं की ΔS = 2R ln 2, म्हणजे 11.53 ज्यूल प्रति केल्विन. उत्तर जुळतं, मार्कही मिळतात.

पण मला पटत नाही ते हे की तापमान बदललं नाही, आयडियल गॅस असल्यामुळे आतली ऊर्जा बदलली नाही, काम झालं नाही, उष्णता आत आली नाही की बाहेर गेली नाही. म्हणजे q शून्य. आणि एन्ट्रॉपीची व्याख्या तर q भागिले T हीच शिकवलीये. मग शून्य भागिले 298 म्हणजे 11.53 कसं काय? आणि ऊर्जा कमी होत नसेल तर हे आपोआप होतंच का? काहीतरी खाली उतरल्याशिवाय कुठली गोष्ट आपोआप घडते?

दांडियाबाजारकर

सोपं आहे गं. निसर्गाचा कल अव्यवस्थेकडे असतो. पत्त्यांचा नवा कॅट घे, पिस, पुन्हा पहिल्यासारखा लागणार नाही. आधी हायड्रोजन एका बाजूला, आर्गॉन एका बाजूला, सगळं व्यवस्थित होतं, आता सरमिसळ झाली म्हणजे अव्यवस्था वाढली म्हणजे एन्ट्रॉपी वाढली. उष्णतेचा इथे संबंधच नाही, हे वेगळ्या प्रकारचं एन्ट्रॉपी आहे, मिसळण्याचं.

अणुरेणू

मृण्मयी, प्रश्न अगदी योग्य जागी विचारलायस. दांडियाबाजारकर, निष्कर्ष बरोबर आहे पण "वेगळ्या प्रकारची एन्ट्रॉपी" हे मी मान्य करणार नाही, एन्ट्रॉपी एकाच प्रकारची असते आणि इथेही ती उष्णता भागिले तापमान अशीच मोजता येते, फक्त कुठली उष्णता ते बघायला हवं.

व्याख्येत जो q आहे तो रिव्हर्सिबल वाटेवरचा q आहे. पार्टिशन एकदम काढून टाकणं ही रिव्हर्सिबल वाट नाही, तिथे प्रत्यक्षात जी उष्णता गेली (शून्य) ती T ने भागून काही मिळत नाही. पण एन्ट्रॉपी ही अवस्थेवर अवलंबून असते, वाटेवर नाही. म्हणून आपण सुरुवात तीच ठेवायची, शेवट तोच ठेवायचा, आणि मधली वाट अशी शोधायची की प्रत्येक क्षणी थांबवून उलटी फिरवता येईल. मग त्या वाटेवरची उष्णता मोजायची.

ती वाट अशी. पार्टिशनच्या जागी दोन पिस्टन एकमेकांना चिकटवून ठेव. पिस्टन म्हणजे खरं तर मेंब्रेन. डावीकडचा असा की त्यातून हायड्रोजन आरपार जातो पण आर्गॉन अडतो. उजवीकडचा उलटा, आर्गॉन जातो, हायड्रोजन अडतो. आता डाव्या पिस्टनवर काय जोर आहे बघ. हायड्रोजनला तो पिस्टन आहे हेच जाणवत नाही, दोन्ही बाजूला त्याचं प्रेशर सारखंच. आर्गॉन मात्र फक्त उजव्या बाजूने ढकलतोय. म्हणजे आर्गॉन त्या पिस्टनला डावीकडे रेटत नेतो. तसंच हायड्रोजन उजव्या पिस्टनला उजवीकडे रेटतो. दोन पिस्टनच्या मध्ये जी जागा उघडते तिच्यात मिश्रण तयार होत जातं. पिस्टन दोन्ही टोकांना पोचले की पूर्ण डब्यात मिश्रण, म्हणजे तुझी शेवटची अवस्था तीच.

फरक एवढाच की या वाटेने जाताना गॅसने काम केलं. प्रत्येक गॅस 24.8 लिटरवरून 49.6 लिटरवर हळूहळू पसरला, त्याचं काम RT ln 2 म्हणजे 8.314 × 298 × 0.693, साधारण 1717 ज्यूल. दोघांचं मिळून 3435 च्या आसपास. आतली ऊर्जा बदलत नाही कारण तापमान बदलत नाही, म्हणून एवढी ऊर्जा बाहेरून उष्णता म्हणून आत आलीच पाहिजे. आता भाग. 3435 भागिले 298. किती येतं?

मृण्मयी_रावपुरा

11.53!! अरे वा. म्हणजे सूत्रात जे आहे ते या वाटेवरची उष्णता आहे, आणि पार्टिशन नुसतं काढलं तर ते काम आपण करून घेतलं नाही, वाया घालवलं, एवढंच?

अणुरेणू

हो, तेच. आणि आपोआप का होतं याचं उत्तरही त्यातच आहे. पार्टिशन काढल्यावर डब्याची एन्ट्रॉपी 11.53 ने वाढली, आजूबाजूच्या जगाची मात्र शून्यानेच बदलली कारण त्याला उष्णता दिलीही नाही, घेतलीही नाही. बेरीज धन. तापमान आणि प्रेशर स्थिर धरून फ्री एनर्जीने बोलायचं तर ΔG = ΔH − TΔS, पहिलं पद शून्य, म्हणून ΔG उणे 3435 ज्यूल. तू विचारलंस काय खाली उतरतं, तर ही खाली उतरते, ऊर्जा नाही. आणि रिव्हर्सिबल वाटेवर मिळू शकणारं काम नेमकं तितकंच होतं हे लक्षात आलं असेलच.

सयाजीबागवाला

मध्ये बोलतो, माफ करा, पण मला हे काही पटत नाही. आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी सिलेंडरचा पाइप लीक झाला होता, तेव्हा गॅसवाल्याने येऊन पहिल्यांदा ओट्याखाली वाकून वास घेतला, म्हणाला एलपीजी जड असतो, खाली बसतो. घरात जमिनीजवळ लीक डिटेक्टर लावतात ते यासाठीच ने? मग जर गॅस आपोआप मिसळतातच तर खाली का बसतो? वर गेला पाहिजे, सगळ्या खोलीत सारखा झाला पाहिजे.

नंदेसरी_शिफ्ट_बी

भाऊ तुमचं बरोबर आहे आणि ह्यांचंही बरोबर आहे. लीक होतो तेव्हा गॅस घट्ट झोताने येतो, हवेपेक्षा जड म्हणून तो झोत पाण्यासारखा खाली वाहतो. मिसळायला वेळच मिळालेला नसतो. आमच्याकडे सुद्धा ट्रेंचमध्ये, ड्रेनमध्ये उतरताना आधी मीटर सोडतात. आपोआप होतं म्हणजे लगेच होतं असं कुठे आहे.

अणुरेणू

नंदेसरीवाल्यांनी मुद्दा पकडला. वारा अजिबात नसेल, खोली शांत असेल आणि गॅसने फक्त डिफ्यूजननेच पसरायचं असेल तर हवेत एक मीटर जायला त्याला साधारण दिवसभराच्या घरात वेळ लागतो. दोन मीटरला चौपट. तेवढ्या वेळात तर स्फोट होऊन गेलेला असतो, म्हणून डिटेक्टर खालीच हवा, त्यात शंका नको.

पण एकदा मिसळला की तो पुन्हा खाली बसत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्थिर तापमानाला एलपीजीतल्या प्रोपेनची घनता उंचीप्रमाणे जी कमी होते तिचं प्रमाण RT/Mg या लांबीने ठरतं, प्रोपेनचं मोलचं वजन 44 ग्रॅम धरलं तर ती लांबी येते साधारण 5.7 किलोमीटर. तीन मीटर उंच स्वयंपाकघरात जमिनीजवळ आणि छताजवळ फरक किती, तर शंभरातले 0.05. म्हणजे नसल्यासारखाच. "जड गॅस खाली बसतो" हे लीकच्या सुरुवातीच्या काळासाठी खरं, कायमस्वरूपी नाही.

आणि हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1809 च्या सुमारास हेच करून बघितलं होतं. काचेचे दोन गोळे, मध्ये नळी आणि तोटी. खालच्या गोळ्यात कार्बन डायऑक्साइड, वरच्यात हायड्रोजन, म्हणजे जड खाली आणि हलका वर, मिसळायला सगळ्यात प्रतिकूल मांडणी. जागा कुठली निवडली, तर पॅरिसच्या वेधशाळेचं तळघर, कारण तिथे तापमान जवळपास हलत नाही, म्हणजे गरम-गार हवेच्या प्रवाहाने मिसळलं असं कुणी म्हणू नये. सगळं स्थिर झाल्यावर तोटी उघडली आणि काही वेळाने तपासलं तर दोन्ही गोळ्यांत मिश्रण सारखंच.

मृण्मयी, आता तुझा मूळ प्रश्न इथे लावून बघ. कार्बन डायऑक्साइड वर चढला. त्याचं वजन 44 ग्रॅम मोलला. समज दोन गोळ्यांत एक मीटर अंतर आहे आणि दोन्हीत एकेक मोल गॅस आहे. अर्धा मोल कार्बन डायऑक्साइड एक मीटर वर गेला, अर्धा मोल हायड्रोजन खाली आला. स्थितिज ऊर्जेचा हिशेब कर.

मृण्मयी_रावपुरा

0.022 किलो × 9.8 × 1 = 0.216 ज्यूल वर, आणि हायड्रोजनचे 0.001 × 9.8 म्हणजे साधारण 0.01 खाली. निव्वळ 0.2 ज्यूल वाढली! म्हणजे ऊर्जा वाढली आणि तरी आपोआप झालं??

अणुरेणू

झालं. कारण दुसऱ्या पारड्यात TΔS आहे 3435 ज्यूल. 0.2 ला तिथे कोण विचारतंय. ती 0.2 ज्यूल आली तळघराच्या भिंतींकडून उष्णता म्हणून, तापमान स्थिर राखायला. आता "ऊर्जा कमी होते म्हणून आपोआप होतं" हे वाक्य वहीतून खोडायला हरकत नाही. 3435 च्या बरोबरीला यायला तो एक मोल किती उंच न्यावा लागेल याचा अंदाज घे, किलोमीटरमध्ये येईल, आणि म्हणूनच वर ते 5.7 किलोमीटर आलं होतं.

दांडियाबाजारकर

सर हे सगळं छान, पण मी जे म्हणतोय त्यात चूक काय? मिसळलं म्हणजे अव्यवस्था, अव्यवस्था म्हणजे एन्ट्रॉपी. शेवटी तेच तर झालं.

अणुरेणू

एक उदाहरण देतो, त्यावर तुमचं मत सांगा. तेच दोन गॅस, 1 मोल हायड्रोजन 24.8 लिटरमध्ये, 1 मोल आर्गॉन 24.8 लिटरमध्ये. पण आता पार्टिशन काढायचं नाही. तेच मेंब्रेन वापरून एक डबा दुसऱ्यात सरकवायचा, म्हणजे शेवटी दोन्ही गॅस एकाच 24.8 लिटरमध्ये, प्रेशर 2 बार, पूर्ण सरमिसळ. ΔS किती?

दांडियाबाजारकर

मिसळले आहेत म्हणजे 11.53च असणार.

अणुरेणू

शून्य. हायड्रोजनला आधी 24.8 लिटर होते, नंतरही 24.8 लिटरच. आर्गॉनचं तेच. आयडियल गॅस एकमेकांना ओळखतच नाहीत, प्रत्येकाची एन्ट्रॉपी त्याच्या स्वतःच्या जागेवर आणि तापमानावर ठरते. दोन्हींपैकी काहीच बदललं नाही, म्हणून ΔS शून्य, उष्णता शून्य, कामही शून्य, डबा पुन्हा बाहेर ओढला तरी जोर लागत नाही. सरमिसळ मात्र शंभर टक्के.

म्हणून मी वर्गात नेहमी सांगायचो की पहिल्या प्रयोगातले 11.53 हे मिसळण्याचे नाहीत, पसरण्याचे आहेत. प्रत्येक गॅसला दुप्पट जागा मिळाली त्याचे R ln 2, असे दोघांचे. मिसळणं हे त्या पसरण्याच्या सोबत घडलं.

मृण्मयी_रावपुरा

काका मग हे रेणूंच्या पातळीवर कसं बघायचं? म्हणजे एखाद्या हायड्रोजनच्या रेणूला थोडंच माहीत असतं की पलीकडे जायचंय.

विश्वामित्री_काठ

हे मी सांगतो, माझा आवडता भाग आहे. रेणूला काहीच माहीत नसतं आणि नसावंच लागतं. तू फक्त 10 हायड्रोजन आणि 10 आर्गॉन घे. पार्टिशन काढल्यावर प्रत्येक रेणू डाव्या अर्ध्यात असेल की उजव्या, दोन शक्यता. वीस रेणू, म्हणजे 2 चा विसावा घात, 10,48,576 मांडण्या, आणि सगळ्या सारख्याच संभवनीय. त्यातली अगदी एकच अशी की सगळे हायड्रोजन डावीकडे आणि सगळे आर्गॉन उजवीकडे. म्हणजे वीस रेणूंत सुद्धा ती दहा लाखांत एकदा दिसणार. दोन मोल म्हणजे 1.2 × 10²⁴ रेणू, तिथे 2 चा तेवढा घात. त्याचा ln घेऊन बोल्ट्झमन स्थिरांकाने गुणलं की सरळ 2R ln 2 येतं, तेच 11.53. पिस्टनवाली उष्णता मोजून आलेला आकडा आणि नुसत्या मांडण्या मोजून आलेला आकडा एकच, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आणि उलट जायला मनाई नाहीये. कुठलाही नियम रेणूंना अडवत नाही. फक्त इतक्या मांडण्यांतून ती एक सापडायची वाट बघत बसायला विश्वाचं वयही पुरणार नाही.

नंदेसरी_शिफ्ट_बी

थिअरी मला फारशी येत नाही पण उलट जायची किंमत मी रोज बघतो. हवेतून ऑक्सिजन काढायच्या प्लांटवर आहे. मिसळलेलं वेगळं करायला कमीत कमी किती लागतं ते कुणी काढून देईल का? आमच्याकडे टनाला 200 युनिटच्या वर जातात आणि वरिष्ठ म्हणतात हे कमी करा. कमी म्हणजे किती कमी करता येईल हे कुणी सांगत नाही.

अणुरेणू

काढू. हवा म्हणजे 21 टक्के ऑक्सिजन आणि 79 टक्के नायट्रोजन इतकंच धरू, बाकीचं सोडू. एक मोल हवेला मिसळण्याची एन्ट्रॉपी −R(0.21 ln 0.21 + 0.79 ln 0.79), ती येते 4.27 ज्यूल प्रति केल्विन. गुणिले 298, म्हणजे 1273 ज्यूल. एवढं काम किमान द्यावंच लागेल, कुठल्याही यंत्राने. त्यातून मिळतो 0.21 मोल ऑक्सिजन. टनाचा हिशेब केला तर साधारण 53 युनिट. म्हणजे तुम्ही किमानाच्या चौपटीच्या आसपास आहात. हवेतला सगळा ऑक्सिजन आणि नायट्रोजन पूर्ण वेगळे करायचे तर 53 च्या खाली कुणीही जाऊ शकत नाही, आणि 53 ला पोचायचं तर सगळं अनंत सावकाश चालवावं लागेल. शिवाय ऑक्सिजन द्रवरूपात हवा असेल तर द्रव करण्याचं काम वेगळं, ते यात धरलेलं नाही.

नंदेसरी_शिफ्ट_बी

गॅसच जातो आमचा, पाइपलाइनने शेजारच्या युनिटला. चौपट म्हणजे तसं वाईट नाही तर. हा आकडा उद्या मीटिंगमध्ये घेऊन जातो.

मृण्मयी_रावपुरा

एक शेवटचं. दोन्ही बाजूला हायड्रोजनच असता तर? प्रत्येकाला दुप्पट जागा मिळालीच ना, मग काकांच्या हिशेबाने 11.53 यायला पाहिजे. पण पुस्तकात शून्य लिहिलंय.

अणुरेणू

शून्यच बरोबर. पार्टिशन काढण्यापूर्वी आणि नंतर कुठल्याही मोजमापात फरक नाही, पार्टिशन परत घातलं की सुरुवातीचीच अवस्था मिळते. मेंब्रेनची वाटही बंद, कारण डावीकडचा हायड्रोजन जाऊ देईल आणि उजवीकडचा अडवेल असा मेंब्रेन असूच शकत नाही. काम मिळत नाही, उष्णता येत नाही. विश्वामित्रीवाल्यांच्या मोजणीत सांगायचं तर रेणू एकसारखे असतील तर त्यांची अदलाबदल ही नवी मांडणी धरायची नाही. गिब्झने हे 1870 च्या दशकातच लिहून ठेवलंय.

विश्वामित्री_काठ

इथे मात्र काका मी थोडा वेगळा विचार करतो. निऑन घ्या. डावीकडे निऑन-20, उजवीकडे निऑन-22. रासायनिकदृष्ट्या काही फरक नाही, पण आइसोटोप वेगळे म्हणून ΔS पूर्ण 11.53, अर्धं नाही, पाव नाही. आता निऑनचे दोन आइसोटोप आहेत हे थॉमसनच्या प्रयोगातून 1913 च्या सुमारास कळलं. त्याआधी एखाद्याने हाच प्रयोग केला असता तर त्याने ΔS शून्य लिहिलं असतं, आणि त्याचं कुठलंही गणित त्यामुळे चुकलं नसतं, कारण त्याच्याकडे दोघांना वेगळं ओळखणारा मेंब्रेनच नव्हता. मग ते 11.53 गॅसमध्ये होते की आपल्या माहितीत?

अणुरेणू

गॅसमध्येच होते. त्याला माहीत नव्हतं म्हणून काम मिळवता आलं नाही, पण मिळण्यासारखं काम होतंच, 1913 च्या आधीही. युरेनियम हेक्साफ्लोराइडमधून 235 वेगळं करणारे कारखाने उभे राहिले तेव्हा त्या किमतीचं बिल निसर्गाने वसूल केलंच, कुणाला काय माहीत आहे हे बघून नाही.

विश्वामित्री_काठ

बिल त्यांना आलं कारण त्यांना 235 वेगळं हवं होतं. ज्याला वेगळं करायचंच नाही त्याच्यासाठी त्या बिलाला अर्थ काय? एडविन जेन्सने 1992 मध्ये हाच मुद्दा मांडला होता, की एन्ट्रॉपी सांगताना तुम्ही कुठल्या गोष्टी हाताळू शकता हेही सांगावं लागतं. मला ते पटतं.

अणुरेणू

मला अर्धवट पटतं. हाताळणं आणि माहीत असणं यात मी फरक करतो, मेंब्रेन बनवता येणं ही निसर्गाची गोष्ट आहे, मेंब्रेन माझ्या कपाटात असणं ही माझी. पॅलेडियम गरम केला की हायड्रोजन जाऊ देतो आणि आर्गॉन अडवतो, हे कुणी शोधण्यापूर्वीही तो तसाच होता.

मृण्मयी_रावपुरा

काका, म्हणजे डावा पिस्टन खरंच बनवता येतो? पॅलेडियमचा?

अणुरेणू

डावा येतो, तीनशे अंशाच्या वर तापवावा लागतो एवढंच. आर्गॉन जाऊ देईल आणि हायड्रोजन अडवेल असा उजवा मात्र मी अजून पाहिलेला नाही, हायड्रोजनचा रेणू इतका लहान की जिथून आर्गॉन जातो तिथून तोही निसटतो.

सयाजीबागवाला

ते बाकी चालू द्या पण माझा डिटेक्टर खालीच ठेवायचा ने?

नंदेसरी_शिफ्ट_बी

खालीच. जमिनीपासून वीतभर. आणि वास आला तर आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडा, कुठल्याही स्विचला हात लावू नका.